कपॅसिटरमध्ये ऊर्जा शिरते कुठून? पॉइंटिंगच्या प्रमेयावरची प्रश्नोत्तरे

प्रश्न: कपॅसिटर चार्ज होताना ऊर्जा तारेतून प्लेटवर येते असंच आम्ही धरून चाललो होतो. आता वाचलं की ती दोन प्लेटांच्या मधल्या फटीत बाजूने शिरते. हे नुसतं गणित आहे की खरंच तसं घडतं?

बाजूनेच शिरते, आणि हे तुम्हाला आकड्यांनी पडताळता येईल. त्याआधी हिशेबाचा नियम मांडून घेऊ. अवकाशात कुठेही एक बंद पृष्ठभाग कल्पा. त्याच्या आतल्या क्षेत्रांची ऊर्जा दर सेकंदाला किती वाढते, क्षेत्रं आतल्या प्रभारांवर दर सेकंदाला किती कार्य करतात आणि पृष्ठभागातून दर सेकंदाला किती ऊर्जा बाहेर पडते, या तीन रकमांची बेरीज नेहमी शून्य असते. एका बिंदूपुरतं लिहायचं तर असं:

```
∂u/∂t + J·E + ∇·S = 0
u = ½ε₀E² + B²/(2μ₀)
S = (E × B)/μ₀
```

`E` हे विद्युत क्षेत्र, `B` चुंबकीय क्षेत्र, `J` धारा घनता, `u` ही क्षेत्रांची ऊर्जा घनता आणि `S` हा पॉइंटिंग सदिश, म्हणजे दर चौरस मीटरमधून दर सेकंदाला जाणारी ऊर्जा. कार्याच्या पदात फक्त `E` दिसतं, `B` दिसत नाही, कारण चुंबकीय बल प्रभाराच्या वेगाला कायम काटकोनात असतं. ते प्रभाराला वळवतं, पण त्याच्यावर कार्य करत नाही.

आता १० सेंमी त्रिज्येच्या दोन गोल प्लेटा घ्या, मध्ये १ सेंमी हवेची फट. तारेतून १ मिलिअँपिअर धारा येते आहे आणि आपण बघतो तो क्षण प्लेटांमध्ये १००० व्होल्ट झाल्याचा आहे. फटीतलं विद्युत क्षेत्र १,००,००० व्होल्ट प्रतिमीटर. ते वाढतं आहे, म्हणून मॅक्सवेलच्या समीकरणानुसार फटीत त्याच्याभोवती गोल फिरणारं चुंबकीय क्षेत्र आहे. कडेपाशी ते फक्त ०.००२ मायक्रोटेस्ला भरतं, पृथ्वीच्या क्षेत्राच्या हजारो पटींनी लहान. पण `E` इतकं मोठं आहे की गुणाकार करून μ₀ ने भागल्यावर `S` सुमारे १५९ वॅट प्रति चौरस मीटर येतो. उजव्या हाताचा नियम लावला की त्याची दिशा चहूबाजूंनी आत, अक्षाकडे. फटीच्या गोल कडेचं क्षेत्रफळ २π × ०.१ × ०.०१, म्हणजे ०.००६२८ चौरस मीटर. दोन्हींचा गुणाकार १ वॅट. आणि तारेच्या टोकाशी मोजलेली शक्ती? १००० व्होल्ट गुणिले ०.००१ अँपिअर, तीही १ वॅट.

फटीत प्रभार नाहीत, म्हणून तिथे `J·E` शून्य. उरलेल्या दोन रकमांनी एकमेकींना फेडायचं आहे आणि त्या फेडतात: आत आलेला सगळा १ वॅट `½ε₀E²` वाढवण्यात जातो. चुंबकीय क्षेत्राच्या ऊर्जेचा वाटा इथे इतका नगण्य आहे की तो सोडून दिला तरी चालतं. कडेपाशी क्षेत्र बाहेर फुगतं तेही मी सोडलं आहे. फट त्रिज्येच्या दहाव्या हिश्शाएवढी असल्याने तेवढं पहिल्या हिशेबात खपून जातं.

एक मुद्दा मला आकड्यांपेक्षाही निर्णायक वाटतो. चांगल्या वाहकाच्या पृष्ठभागाशी `E` लंब असतं आणि `S` हा `E` ला लंब असतो. म्हणजे प्लेटेजवळ `S` प्लेटेला समांतरच धावणार. प्लेटेच्या अंगातून फटीत यायला ऊर्जेला वाटच नाही. कपॅसिटर डिस्चार्ज होऊ द्या: `E` ची दिशा तीच राहते, `B` उलटतं आणि ऊर्जा त्याच कडेतून बाहेर पडते.

प्रश्न: मग तारेतून काय वाहतं? तार गरम होते ती ऊर्जा तरी तिच्यातूनच येत असेल ना?

तीही बाहेरूनच येते. १८८४ साली जॉन हेन्री पॉइंटिंगने हे प्रमेय मांडलं तेव्हा त्याने सरळ तारेचंच उदाहरण घेतलं होतं. साधारण त्याच सुमारास ऑलिव्हर हेविसाइडही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोचला होता.

१ मिमी व्यासाची तांब्याची तार आणि १० अँपिअर धारा घ्या. एका मीटरला सुमारे ०.२२ व्होल्ट पडतात, म्हणजे तारेच्या लांबीच्या दिशेने ०.२२ व्होल्ट प्रतिमीटर इतकं क्षेत्र आहे. तारेच्या पृष्ठभागाशी `B` ४ मिलिटेस्ला. त्यांचा सदिश गुणाकार तारेच्या आत, अक्षाकडे बघतो आणि साधारण ७०० वॅट प्रति चौरस मीटर भरतो. एक मीटर तारेच्या बाह्य पृष्ठभागाने गुणलं की सुमारे २.२ वॅट. `I²R` ने येणारी उष्णताही तेवढीच. धारा स्थिर असल्याने `u` बदलत नाही, म्हणून इथे `J·E` आणि आत येणारा प्रवाह ही दोनच पदं समोरासमोर उभी राहतात.

बल्बकडे जाणारी ऊर्जा मात्र वेगळ्या घटकातून जाते. तारेच्या पृष्ठभागावर थोडे प्रभार साचलेले असतात आणि त्यांच्यामुळे बाहेर, तारेला लंब असं `E` तयार होतं. त्याचा `B` शी गुणाकार तारेच्या बाजूबाजूने बल्बकडे धावतो. तारेला रोध नसता तर ऊर्जा आत अजिबात वळली नसती, सगळी बाहेरून समांतर गेली असती. याच तारेत इलेक्ट्रॉनांचा सरासरी सरकण्याचा वेग सेकंदाला जेमतेम १ मिमी आहे. बल्ब बटण दाबताच लागतो तो त्यांच्या चालीने नव्हे. तार प्रामुख्याने क्षेत्रांना दिशा देते.

प्रश्न: बॅटरीभोवती पृष्ठभाग घेऊन हिशेब केला तर माझी चिन्हं जुळत नाहीत. `J·E` धन धरलं की बाहेर जाणारी ऊर्जा ऋण येते.

कारण बॅटरीत `J·E` धन नाही, ऋण आहे. बॅटरीच्या आत धारा ऋण टोकाकडून धन टोकाकडे जाते आणि `E` धन टोकाकडून ऋण टोकाकडे असतं. दोघे एकमेकांच्या विरुद्ध. म्हणजे क्षेत्र प्रभारांना ऊर्जा देत नाही, प्रभारच क्षेत्राला देतात. `∇·S` तिथे धन होतो आणि ऊर्जा बाहेर फाकते.

मी स्वतः विद्यार्थी असताना पुढच्या पायरीवर अडकायचो, म्हणून तीही सांगतो. समजा, सेलचं विद्युतगामक बल १.५ व्होल्ट, अंतर्गत रोध ०.१ ओहम आणि धारा २ अँपिअर. टोकांमधला व्होल्टेज १.३ राहतो. रासायनिक क्रिया ३ वॅट पुरवते, ०.४ वॅट आतच उष्णतेत जातात, २.६ वॅट पृष्ठभागातून बाहेर पडतात. संपूर्ण सेलवर `J·E` ची बेरीज उणे २.६ वॅट येते, उणे ३ नव्हे आणि अधिक ०.४ तर नव्हेच. प्रमेयाला फक्त क्षेत्रांचं खातं ठाऊक आहे. प्रभारांना उलट ढकलणारं रासायनिक बल `E` मध्ये मोजलं जात नाही, त्याचं खातं वेगळं लिहावं लागतं.

प्रश्न: कायम चुंबकाजवळ प्रभारित गोळा ठेवला तर `E × B` शून्य नसतो. सगळं स्थिर असताना ऊर्जा वाहते असं म्हणायचं का?

सूत्र तसंच सांगतं, पण ती वाहते बंद वळशांत. प्रत्येक ठिकाणी `∇·S` शून्य असतो, जितकी ऊर्जा आत तितकीच बाहेर. कुठे साठत नाही, कुठे खर्च होत नाही. प्रमेय फक्त `∇·S` ठरवतं. `S` मध्ये शून्य अपसरणाचा एखादा सदिश मिळवला तरी हिशेब तसाच जुळतो. त्यामुळे या एकट्या प्रमेयाच्या आधारावर एका बिंदूपाशी बोट ठेवून ‘इथून इतकी वाहते’ असं ठामपणे म्हणता येत नाही. बंद पृष्ठभागाचं एकूण मात्र ठाम असतं.

तरी त्या वळशांना पोकळ समजू नका. `S` ला c² ने भागलं की क्षेत्राची संवेग घनता मिळते, म्हणून फिरत्या `S` मध्ये कोनीय संवेग साठलेला असतो. चुंबकीय क्षेत्र बंद केलं की बदलत्या `B` मुळे उपजणारं `E` प्रभारित वस्तूला फिरवतं, आणि तिला मिळणारा कोनीय संवेग त्याच साठ्यातून येतो. ग्रॅहम आणि लाहोझ यांनी १९८० मध्ये स्थिर क्षेत्रांतला हा कोनीय संवेग प्रयोगात पकडला.

प्रश्न: एकमितीय FDTD प्रोग्राममध्ये दोन आदर्श वाहक भिंतींमध्ये पल्स सोडली. माध्यमात क्षय नाही, तरी एकूण ऊर्जा थोडीथोडी वरखाली होते. पायथनची अचूकता कमी पडते का?

अचूकतेचा दोष नाही, तुम्ही दोन वेगळ्या क्षणांचे आकडे एकत्र मिळवता आहात. FDTD पद्धतीत क्षेत्रं काळाच्या छोट्या पावलांनी पुढे सरकवतात; `E` पूर्ण पावलांवर असतं आणि चुंबकीय क्षेत्र `H` अर्ध्या पावलांवर. `E` चा वर्ग आणि अर्ध्या पावलानंतरच्या `H` चा वर्ग यांची बेरीज कुठल्याच एका क्षणाची ऊर्जा नसते. `E` च्या अलीकडचं आणि पलीकडचं `H` घेऊन त्यांचा गुणाकार करा:

```
U = 0.5*dx*(eps*np.sum(E*E) + mu*np.sum(H_old*H_new))
```

क्षय नसेल आणि भिंती आदर्श असतील तर हा `U` शेवटच्या दशांशांतल्या गोलाईपर्यंत स्थिर राहतो, पाऊल जाड असलं तरी. यासाठी `H` अद्ययावत करण्याआधी त्याची प्रत `H_old` मध्ये ठेवा, अद्ययावत झालेलं `H` म्हणजे `H_new`, आणि प्रत घेताना `H.copy()` लिहा. नुसतं `H_old = H` लिहिलंत तर दोन्ही नावं एकाच ॲरेची राहतात आणि तुम्ही परत जुन्याच चुकीवर येता. पुढे माध्यमात वाहकता घातलीत तर `J·E` साठीही हीच काळजी घ्या: `J` अर्ध्या पावलावरचा आणि `E` आधीच्या व नंतरच्या पावलांची सरासरी.

यानंतर `E` आणि `H` चे आकडेच बेसुमार वाढत जात असतील, तर आधी `c*dt/dx` तपासा. एका मितीत ते १ च्या वर गेलं की पद्धतच अस्थिर होते. `U` घटत असेल तर भिंतीवरच्या पेशीत `E` शून्य ठेवण्याऐवजी चुकून शोषणारी सीमा राहिली आहे का, ते बघा.