गव्हाला नत्र किती? प्रयोगाच्या आकड्यांतून किफायतशीर मात्रा काढताना

प्रश्न : बागायती गव्हावर आम्ही नत्राचे पाच स्तर, म्हणजे हेक्टरी ०, ४०, ८०, १२० आणि १६० किलो, चार गटांत घेतले. स्फुरद व पालाश सर्व वाफ्यांना सारखेच दिले. धान्याचे सरासरी उत्पादन अनुक्रमे १,९३२, २,७३४, ३,३९८, ३,५७४ आणि ३,६१२ किलो आले. क्रांतिक फरक २८२ किलो आहे, त्यामुळे ८०, १२० व १६० हे स्तर बरोबरीचे ठरतात. मग ८० किलोचीच शिफारस करावी ना?

उत्तर : करू नये. क्रांतिक फरकाची कसोटी पाच वाणांची किंवा पाच तणनाशकांची तुलना करताना योग्य असते, कारण तिथे एका उपचाराचा दुसऱ्याशी क्रमाचा काही संबंध नसतो. नत्राचे स्तर हे एकाच मोजपट्टीवरचे बिंदू आहेत आणि १०० किंवा १३० किलोचा वाफा तुम्ही घेतला नसला, तरी त्या मात्रेला काही ना काही उत्पादन येणारच असते. ८० आणि १६० यांच्यातील २१४ किलोचा फरक सिद्ध झाला नाही, याचा अर्थ तो फरक शून्य आहे असा होत नाही. गव्हाला किलोमागे २४ रुपये २५ पैसे धरले तर २१४ किलो म्हणजे जवळपास ५,२०० रुपये होतात आणि एवढी रक्कम 'बरोबरीचे' या एका शब्दाखाली झाकली जाते. शिवाय चाराऐवजी आठ गट घेतले असते, तर क्रांतिक फरक सुमारे २०० किलोवर उतरला असता आणि हेच सरासरी आकडे येऊनही ही बरोबरी मोडली असती. शेतकऱ्याने किती युरिया टाकावा हे संशोधकाने किती गट पाडले यावर ठरू लागले, तर पद्धतीतच काही चुकते आहे असे समजावे.

याऐवजी विसाही वाफ्यांच्या आकड्यांतून एकच वक्र बसवावा. सरासऱ्यांवर न बसवता वाफानिहाय उत्पादनावरच बसवावा, म्हणजे प्रयोगातील त्रुटी नजरेआड होत नाही. आर या संगणक प्रणालीत त्यासाठी एक ओळ पुरते:

```
m <- lm(y ~ factor(blk) + N + I(N^2), data = d)
```

तुमच्या आकड्यांवर हे द्विघात समीकरण `Y = 1922 + 24.9 N - 0.09 N^2` असे येते. प्रणाली जो स्थिरांक दाखवील तो पहिल्या गटाचा असेल, त्यामुळे तो १,९२२ पेक्षा वेगळा दिसला तरी गोंधळू नये. मात्रा काढायला लागणारे उरलेले दोन गुणांक तेच राहतात.

प्रश्न : समीकरणातून कमाल उत्पादनाची मात्रा काढता येते, पण किफायतशीर मात्रा काढताना किमती नेमक्या कोणत्या घ्यायच्या?

उत्तर : शेवटच्या किलो नत्राने वाढलेल्या धान्याची किंमत त्या किलोच्या खर्चाइतकी होते, तिथे थांबायचे. द्विघात वक्रासाठी हे `N = (b - r) / (2c)` या सूत्राने मिळते. यात b म्हणजे २४.९, c म्हणजे ०.०९ आणि r म्हणजे नत्राच्या किलोची किंमत भागिले धान्याच्या किलोची किंमत.

युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि तिच्यात ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो नत्र असते. किलोमागे हे सुमारे १२ रुपये ९० पैसे झाले. वाहतूक आणि टाकणीची मजुरी धरून आपण १४ रुपये ५५ पैसे मानू. गव्हाचा भाव २०२५-२६ च्या रब्बी विपणन हंगामातील हमीभावाप्रमाणे क्विंटलला २,४२५ रुपये धरला, तर r ची किंमत ०.६ येते. त्यावरून किफायतशीर मात्रा १३५ किलो आणि कमाल उत्पादनाची मात्रा १३८ किलो निघते.

दोन्हींत तीनच किलोंचा फरक कसा, असे कोणालाही वाटेल. ही अनुदानित युरियाची करामत आहे. नत्र इतके स्वस्त पडते, की किफायतशीर मात्रा कमाल मात्रेला जवळजवळ चिकटून बसते. स्फुरदाचे तसे नाही. डीएपीची ५० किलोची गोणी १,३५० रुपयांची. तिच्यातील ९ किलो नत्राचे ११६ रुपये वजा केले, तर २३ किलो स्फुरदाला किलोमागे सुमारे ५३ रुपये ६० पैसे पडतात आणि r थेट २.२ वर जातो. त्यामुळे स्फुरदाच्या प्रयोगात या दोन मात्रांमधले अंतर सहज डोळ्यांत भरते. मात्र स्फुरदाचा काही भाग जमिनीत राहून पुढच्या पिकालाही लागू पडतो, म्हणून एकाच हंगामाच्या वक्रावरून त्याचा हिशेब करताना फायदा थोडा कमीच मोजला जातो.

धान्याचा भाव घेताना हातात पडणारा भाव घ्यावा. मळणी, बारदान आणि बाजारापर्यंतची वाहतूक हे खर्च क्विंटलमागे वाढत जातात, म्हणून ते भावातून वजा करावेत. भुसा विकला जात असेल तर त्याची किंमत मिळवावी. बियाणे, मशागत, पाणी असे जे खर्च नत्राच्या मात्रेनुसार बदलत नाहीत, ते या गणितात आणूच नयेत.

प्रश्न : त्याच आकड्यांवर माझ्या सहकाऱ्याने सरळ रेषा आणि पठार असे प्रारूप बसवले. त्याची मात्रा ८९ किलो आली, माझी १३५. सरासऱ्यांवर काढलेला दोन्हींचा आर-वर्ग ०.९९ च्या वर आहे. खरे कोणाचे?

उत्तर : आर-वर्ग या वादाचा निकाल देऊ शकत नाही. शून्यापासून ८० किलोंपर्यंतची मोठी चढण दोन्ही प्रारूपे व्यवस्थित पकडतात आणि तेवढ्यानेच आर-वर्ग वर जातो. मात्रा मात्र वळणावर ठरते आणि तिथे तुमच्याकडे दोन-तीनच बिंदू आहेत. सेराटो आणि ब्लॅकमर यांनी १९९० साली आयोवातील मक्याच्या प्रयोगांवर पाच प्रारूपे ताडून पाहिली, तेव्हा त्यांनाही हेच आढळले: आर-वर्ग जवळपास सारखे, पण किफायतशीर मात्रा एकमेकींपासून फार दूर. द्विघात प्रारूप तिथे गरजेपेक्षा जास्त मात्रा सुचवत होते.

असे का होते, हे तुमच्याच शेषांकांत दिसते. द्विघात वक्रावर ८० किलोला ३,३३८ किलो उत्पादन अपेक्षित आहे आणि प्रत्यक्षात ६० किलो जास्त आले. ४० आणि १२० या दोन्ही स्तरांवर मात्र प्रत्यक्ष उत्पादन अपेक्षेपेक्षा ४० किलोंनी कमी आहे. मध्ये अधिक आणि दोन्ही बाजूंना उणे ही खूण पिकाचा प्रतिसाद एकदम वळल्याची असू शकते. द्विघात वक्राला एकदम वळता येत नाही, म्हणून तो वळण लांबवतो आणि शिखर उजवीकडे सरकते. पण हा पुरावा कच्चा आहे, कारण प्रत्येक सरासरीची प्रमाण त्रुटी सुमारे ९१ किलो आहे आणि ६० किलोचे विचलन तिच्या आतच बसते.

सहकाऱ्याचे प्रारूप असे बसवता येते:

```
lp <- nls(y ~ a + b*pmin(N, n0), data = d,
          start = list(a = 1950, b = 18, n0 = 90))
```

सुरुवातीचे अंदाज वास्तवापासून दूर दिले, तर `singular gradient` असा संदेश येऊन गणित अडते. म्हणून ते आलेखावरून नजरेने ठरवून द्यावेत. या प्रारूपात मात्रा किमतीवर जवळजवळ अवलंबून नसते. चढावर किलोमागे १८ किलो धान्य मिळते आणि खर्च भरून काढायला अर्धा-पाऊण किलो पुरते, म्हणून युरिया दुप्पट महागला तरी उत्तर सांध्यावरच, म्हणजे ८९ वरच राहते. चढाव वक्र ठेवून पुढे पठार जोडले, तर तुमच्या आकड्यांवर मात्रा सुमारे १२९ येते.

आकडे निवाडा देत नसतील, तर चुकीची किंमत मोजावी. द्विघात वक्र खरा असताना ८९ किलोच दिले, तर हेक्टरी सुमारे ४,६०० रुपयांचे नुकसान होते. पठार खरे असताना १३५ किलो दिले, तर ४६ किलो नत्र, म्हणजे सुमारे ६७० रुपये वाया जातात. १२० किलो दिल्यास पहिल्या परिस्थितीत ४९० आणि दुसऱ्या परिस्थितीत ४५० रुपयांचा तोटा होतो, म्हणजे कोणाचेही प्रारूप खरे निघाले तरी नुकसान पाचशेच्या आत राहते. माझा कल या १२० कडे आहे. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला राज्यात नत्राची हीच मात्रा सर्रास सांगितली जाते. अर्थात या हिशेबात विहिरीच्या पाण्यात झिरपणारे नायट्रेट कुठेच मोजलेले नाही. ते मोजले तर पारडे कमी मात्रेकडे आणखी झुकेल.

प्रश्न : किफायतशीर मात्रेपुढे अधिक-उणे किती लिहावे? आणि मात्रा प्रयोगातल्या सर्वांत वरच्या स्तराच्या पुढे गेली तर काय करावे?

उत्तर : ही मात्रा दोन गुणांकांच्या भागाकारातून येते, त्यामुळे तिची अनिश्चितता दोन्ही बाजूंना सारखी पसरत नाही. फीलरच्या पद्धतीने तुमच्या १३५ किलोच्या ९५ टक्के विश्वास-मर्यादा साधारण ११८ ते १६९ येतात. वरची मर्यादा तुमच्या १६० च्याही बाहेर आहे. १३५ हा अंदाज प्रयोगाच्या आवाक्यात असूनही ही स्थिती. अंदाजच १६० च्या पलीकडे गेला, तर तो आकडा छापूच नये. 'चाचणी केलेल्या सर्वोच्च मात्रेपर्यंत प्रतिसाद मिळाला' एवढेच लिहावे आणि पुढच्या हंगामात २०० किलोचा स्तर वाढवावा. वर्गाचा गुणांक धन आला तर सूत्र शिखराऐवजी तळ दाखवते. अशा वेळी आधी वाफ्यांची नोंदवही उघडावी. गव्हात बरेचदा जास्त नत्राच्या वाफ्यांत पीक लोळलेले, किंवा एका गटाला पाणी कमी पडलेले आढळते.

एवढ्या रुंद मर्यादा पाहून घाबरण्याचे कारण नाही. द्विघात वक्रावर तोटा चुकीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: मात्रा १५ किलोंनी चुकली तर हेक्टरी ४९० रुपये जातात, ३० किलोंनी चुकली तर त्याच्या चौपट. त्यामुळे शिफारस '१३४.७ किलो' अशी दशांशात लिहिण्यात काहीच हशील नाही; पाचाच्या पटीत लिहावी.

प्रश्न : तीन वर्षांच्या तीन किफायतशीर मात्रा आहेत. त्यांची सरासरी काढून शिफारस करावी का?

उत्तर : तीन मात्रांची सरासरी न काढता तीन नफा-वक्रांची सरासरी काढावी आणि तिचे शिखर शोधावे. ज्या वर्षी वक्र सपाट असतो त्या वर्षी मात्रा कशीही हेलकावते, पण तिथे चुकल्याने फारसे जात नाही. साध्या सरासरीत मात्र त्या वर्षाला तीव्र वळणाच्या वर्षाइतकेच वजन मिळते. त्याआधी तिन्ही वर्षांच्या बिननत्राच्या वाफ्यांचे उत्पादन शेजारी मांडून पाहावे. एका वर्षी ते १,९०० आणि दुसऱ्या वर्षी २,६०० असेल, तर जमिनीतच नत्राचा साठा वेगळा होता, बहुधा खरिपात तिथे सोयाबीन होते किंवा शेणखत पडले होते. अशा वर्षांची एकत्र शिफारस न करता ती माती परीक्षणानुसार किंवा मागील पिकानुसार वेगवेगळी द्यावी.