नव्या शिलाई मशीनसाठी चार ओळींची प्रार्थना

साठवलेल्या पैशांतून शिलाई मशीन घेतलंय. बडेजाव नसलेली छोटी प्रार्थना कशी लिहू?

अभंगाचा साचा घ्या. पहिल्या तीन ओळी 6-6 अक्षरांच्या, चौथी 4 अक्षरांची. यमक फक्त दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत. जोडाक्षर एकच मोजायचं.

घामाच्या पैशांनी
यंत्र आले घरी
सुई चालो बरी
तुझ्या कृपे

पहिल्या ओळीत ‘माझ्या’ घालायचा मोह होतो. तो टाळा, अक्षरंही वाचतात आणि मीपणाही टळतो. ‘भरभराट दे’ लिहिलंत की मागण्यांची यादीच सुरू होते (आणि यमकासाठी ‘थाट’ येतोच!). त्यापेक्षा यंत्राचं जे काम, तेवढंच नीट होवो म्हणा. गाडी घेतली असती तर मधल्या ओळी ‘गाडी आली घरी, वाट राहो बरी’ अशा बसल्या असत्या.