फोनो प्रीअँप नसला की रेकॉर्ड पातळ का वाजते

प्रश्न: टर्नटेबल सरळ साउंड कार्डच्या लाइन इनला लावून एलपी रेकॉर्ड केली. बेस नाहीच, नुसती चिरचिर. व्हॉल्यूम वाढवला तरी तेच. कार्ट्रिज गेलं का?

कार्ट्रिज ठीक असणार, मधला फोनो प्रीअँप राहिलाय. खाचेत आवाज मुळात जसाच्या तसा कोरलेलाच नसतो, बेस मुद्दाम कमी केलेला असतो आणि ट्रेबल मुद्दाम वाढवलेलं.

बेस का कमी करतात, तर मॅग्नेटिक कार्ट्रिजमधला व्होल्टेज सुई किती वेगाने हलते त्यावर ठरतो, आणि तेवढाच वेग हवा असेल तर ५० हर्ट्झला सुईला १००० हर्ट्झच्या वीसपट रुंद डोलावं लागतं. तसं कोरलं तर शेजारच्या खाचा एकमेकींत घुसतील नाहीतर एका बाजूला फारच कमी मिनिटं मावतील. ट्रेबलचं कारण वेगळं, प्लास्टिकवर सुई घासल्याची खसखस वरच्या पट्टीत जास्त जाणवते, म्हणून तिथे संगीत आधीच वर उचलून ठेवायचं, मग वाजवताना ते खाली आणलं की खसखसही सोबत खाली जाते.

वाजवताना हे उलटं करायचं काम आरआयएए इक्वलायझेशनचं, आणि ते फोनो प्रीअँपमध्ये होतं. १९५४ च्या सुमारास हा कर्व्ह ठरला. १००० हर्ट्झ शून्य धरलं तर १०० हर्ट्झला साधारण १३ डेसिबल वाढ आणि १०,००० हर्ट्झला जवळपास १४ डेसिबल घट. म्हणजे तुमच्या फाइलमध्ये या दोन टोकांत २७ डेसिबलचा फरक पडलाय, व्हॉल्यूम सगळंच सारखं वाढवतो, त्याने हा तोल कसा सुटणार?

मी एकदा असंच प्रीअँपशिवाय रेकॉर्ड करून Audacity मध्ये `Filter Curve EQ` चा `RIAA` प्रीसेट लावून बघितला. बेस गिटार परत आली, खरंच बरं वाटलं, पण दोन गाण्यांमधल्या शांत जागेत घूं असा हम यायला लागला. कार्ट्रिज देतं ४-५ मिलिव्होल्ट, लाइन इनला लागतात काहीशे, त्यामुळे संगीत इनपुटच्या स्वतःच्या नॉइजला चिकटून रेकॉर्ड होतं आणि कर्व्ह ५० हर्ट्झचा हम सातपट करतो. शिवाय मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला ४७ किलोओहमचं लोड लागतं, लाइन इनचं बरेचदा त्याहून बरंच कमी असतं, मग वरचा आवाज तिथेच थोडा मरतो आणि प्रीसेट लावल्यावर सगळं मंद वाटतं. म्हणून रेकॉर्ड परत लावता येत असेल तर प्रीअँप घालून नव्यानेच करा.

त्याआधी टर्नटेबलच्या मागे `PHONO/LINE` स्विच आहे का बघा, असेल तर आतच प्रीअँप आहे, `LINE` वर टाका आणि मग बाहेरचा लावू नका, दोनदा कर्व्ह लागला तर आवाज घोंगडीखालून आल्यासारखा घुमतो.