व्हीपीएफ वाढवावा की एफडी करावी?

प्रश्न: महिन्याला दहा हजार शिल्लक पडतात. व्हीपीएफ वाढवू म्हणतोय, पण घरचे म्हणतात एफडी बरी, पैसा हाताशी राहतो. कुणाचं ऐकू?

उत्तर: "पैसा हाताशी राहतो" हे वाक्य मी आमच्या दाजींकडून सात-आठ वर्षं ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

मी भोसरीला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. एप्रिल 2017 मध्ये बेसिकच्या दहा टक्के व्हीपीएफ सुरू केला, म्हणजे नेहमीच्या पीएफवर पगारातून स्वतःहून जादा कापून घ्यायला लागलो. त्या वर्षी पीएफचं व्याज 8.55 टक्के ठरलं. दिवाळीत बहिणीकडे गेलो तेव्हा दाजींनी सगळ्यांसमोर सुनावलं, "सरकारच्या तिजोरीत टाकलेला पैसा साठीनंतरच बघायचा. आमची पतसंस्था साडेनऊ देते, आणि चेअरमन गावातलाच आहे." ते मोठे, मी गप्प बसलो. पण फॉर्म मागे घेतला नाही.

2019 ला त्यांच्या दोन ठेवींची मुदत संपली. पतसंस्थेने आधी "पुढच्या महिन्यात" सांगितलं, मग महिन्याला पाच-पाच हजार देऊ लागली, मग तेही थांबलं. गावातला चेअरमन फोन उचलेना. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्या सुद्धा, पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेच्या ठेवीला तो नसतो. ही एक गोष्ट त्या दिवाळीत कुणी आम्हाला सांगितली असती तर बहिणीचे पैसे वाचले असते.

2023 मध्ये आईच्या खुब्याचं ऑपरेशन निघालं. घरी रोख लाखभर होती, बाकीच्यासाठी मी पीएफमधून आजारपणाचा अ‍ॅडव्हान्स मागितला. तेव्हाच्या नियमाने सहा महिन्यांचा बेसिक-डीए किंवा आपला वाटा व्याजासकट, यात जे कमी असेल तेवढे मिळायचे, आणि नोकरी किती वर्षं झाली याची अट नव्हती. माझा बेसिक साठ हजार, म्हणजे 3 लाख 60 हजारांपर्यंत. मी अडीच लाख मागितले. पहिला अर्ज परत आला, कारण केवायसीत जुन्या नोकरीच्या वेळचं बंद पडलेलं बँक खातं होतं. ही चूक माझीच. नवं खातं जोडून कंपनीकडून मंजूर करून घेतलं, पुन्हा अर्ज केला आणि पैसे आले. बंद खात्यामुळे गेलेले दिवस मात्र फार जड गेले. तुम्ही व्हीपीएफ सुरू कराल त्याच दिवशी यूएएनमधलं बँक खातं, नाव, आधार, पॅन तपासा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नाही.

म्हणजे पैसा हाताशी राहतो का? एफडीइतका नाही. पण साठीपर्यंत कुलपातही नसतो.

आता हिशोब. तुम्ही तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहात असं धरतो. एक लाखाच्या एफडीवर सात टक्क्यांनी सात हजार व्याज. सेस धरून 31.2 टक्के कर गेला की हातात 4,816. तेच लाख व्हीपीएफमध्ये असतील तर 2024-25 च्या 8.25 टक्क्यांनी 8,250, आणि त्यावर कर नाही. इतक्या फरकापुढे एफडीची बाजू मला तरी घेता येत नाही. नवी कररचना निवडली तर 80सीची वजावट जाते, पण या व्याजाची करमाफी राहते. पुष्कळ जणांनी "नव्या रचनेत काय उपयोग" म्हणून व्हीपीएफ बंद केला, ते चुकलं.

पण ही करमाफी अमर्याद नाही. एप्रिल 2021 पासून पीएफ आणि व्हीपीएफ मिळून तुमचा स्वतःचा वाटा वर्षाला अडीच लाखांवर गेला, तर वरच्या रकमेच्या व्याजावर कर लागतो. कंपनीचा वाटा यात मोजायचा नाही, इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. अडीच लाख म्हणजे महिन्याला साधारण 20,800. बेसिक नव्वद हजारांपर्यंत असेल तर तुमचा नेहमीचा पीएफ 10,800 च्या आत राहतो आणि तुमचे दहा हजार त्यावर बसतात. बेसिक याहून जास्त असेल तर तेवढे कमी टाका.

मी इथेच फसलो. मी व्हीपीएफ टक्क्यांत लिहून दिला होता, सुरुवातीच्या दहावरून वाढवून 22 टक्के. साठ हजारांवर नेहमीच्या पीएफचे बारा आणि हे बावीस मिळून वर्षाचे 2,44,800 होत होते, छान आत. 2024 ला बेसिक 72 हजार झाला आणि तोच 34 टक्के 2,93,760 वर गेला. वरचे 43,760 करपात्र भागात गेले आणि ते तिथेच राहतात. दरवर्षी त्यांचं साडेतीन हजारांच्या आसपास व्याज माझ्या उत्पन्नात धरावं लागतं, पैसे काढले नसले तरी. करपात्र व्याज पाच हजारांच्या आत असल्यामुळे टीडीएस कापला गेला नाही, म्हणून रिटर्न भरेपर्यंत मला पत्ताच नव्हता. कंपनी चालवून घेत असेल तर टक्के न लिहिता रक्कम लिहा. नाहीतर पगारवाढीचं पत्र आलं की त्याच दिवशी हिशोब करा. आमच्याकडे बदल फक्त एप्रिलमध्ये करता येतो, त्यामुळे मला वर्षभर थांबावं लागलं.

अडीच लाखांच्या वर तीस टक्केवाल्याला 8.25 चे करानंतर 5.7 च्या आसपास उरतात. तिथे पीपीएफ सरळ जिंकतं. त्याचा 7.1 टक्के दर पूर्ण करमुक्त आहे, वर्षाला दीड लाखांपर्यंत. दहा वर्षांच्या आतली मुलगी असेल तर सुकन्या त्याहून चांगली. म्हणून मी आधी व्हीपीएफ अडीच लाखांपर्यंत भरतो, त्यावरचं पीपीएफला.

दाजी अजून म्हणतात की व्याजाचा दर सरकार कधीही खाली आणेल. हे खरं आहे, दर दरवर्षी ठरतो. 2021-22 ला तो 8.5 वरून 8.1 वर आला होता. पण एफडीचाही दर मुदत संपल्यावर बदलतोच. त्यांचा मुद्दा व्हीपीएफच्या विरोधात जात नाही, हे मी त्यांना कधी पटवू शकलो नाही.

एफडी कधी करावी हेही सांगायला हवं. घरात पाच-सहा महिन्यांचा खर्च बाजूला नसेल तर आधी तो एफडीतच ठेवा. माझ्याकडे तो लाखभर होता म्हणून अर्ज परत आल्यावरही दवाखान्यात अनामत भरता आली. दोन-तीन वर्षांत घराची आगाऊ रक्कम द्यायची असेल तरी एफडी. आणि सलग पाच वर्षं सेवा होण्याआधी सगळे पैसे काढले तर करमाफी जाते. नोकरी बदलली तर खातं बंद न करता ट्रान्सफर करा, जुनी वर्षं धरली जातात. कापलेले पैसे खरंच जमा होतात का, ते पुढच्या महिन्याच्या 15 तारखेनंतर पासबुकात बघत चला.

बहिणीचा मुलगा गेल्या वर्षी चाकणला लागला. त्याचा व्हीपीएफचा फॉर्म मी भरून दिला. दाजी शेजारीच बसले होते, काही बोलले नाहीत. पतसंस्थेतले त्यांचे पैसे अजून आलेले नाहीत.