सहा चाळीसची गाडी आणि घरातली चिडचिड

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचकांनी लिहिलंय: "बायको मॅनहॅटनला नोकरीला आहे, मी घरून काम करतो. ती दारातून आत येते तीच तोंड फुगवून. मुलाने चपला नीट ठेवल्या नाहीत एवढ्यावरून परवा रडारड झाली. ऑफिसातही हल्ली तिचे सगळ्यांशी खटके उडतात म्हणते. प्रवास एकूण दीड तासाचा, पण तो तर सगळेच करतात. काय करावं?"

"सगळेच करतात" हे खरं. मीही याच मार्गावर अनेक वर्षं काढली आहेत, म्हणून आधी एक हिशेब सांगते. गाडीतली वेळ पाऊण-एक तासाचीच. त्रास तिच्या दोन्ही टोकांना असतो. संध्याकाळी पेन स्टेशनवर शे-दोनशे माणसं बोर्डाकडे मान वर करून उभी असतात, कारण फलाट कुठला ते गाडी सुटायच्या जरा आधीच कळतं. मग जिन्यावर झुंबड. पुढे हडसन नदीखालचा बोगदा. तो 1910 साली सुरू झाला, जायला एक आणि यायला एक अशी दोनच नळकांडी, आणि 2012च्या सँडी वादळात त्यांत खारं पाणी शिरलं होतं. लांब पल्ल्याच्या आणि लोकल अशा सगळ्या गाड्या त्यातूनच जातात, त्यामुळे एक अडकली की मागची रांगच थांबते.

या गाड्यांच्या प्रवाशांचा अभ्यास गॅरी एव्हान्स आणि रिचर्ड वेनर या संशोधकांनी केला आहे. प्रवास जितका लांब, तितकं लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, जास्त. आणि ऑफिसला पोचल्यावर मुद्रितशोधनासारखं चिकाटीचं काम दिलं तर ते लवकर सोडून दिलं जातं. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: ज्यांना आपला प्रवास बेभरवशाचा वाटतो, त्यांच्यावर ताण अधिक. म्हणजे दीड तास झाला यापेक्षा आज किती लागणार हे माहीत नसणं जास्त जड जातं.

घरी हे कसं दिसतं? माझ्या ओळखीच्या एका जोडप्याला मी दोन आठवडे वहीत दोनच गोष्टी लिहायला लावल्या: तिची घरी पोचायची वेळ, आणि भांडण झालं का. एके दिवशी ती चाळीस मिनिटं उशिरा आली आणि काहीच झालं नाही, कारण नवऱ्याला पाच वाजताच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी उशीर फक्त दहा मिनिटांचा आणि घर डोक्यावर. त्या दिवशी मुलीला गणिताच्या क्लासहून आणायचं काम तिच्याकडे होतं. बोगद्याआधी गाडी उभी, क्लासच्या बाई दारात, आणि फोनवर नवऱ्याचं "कुठपर्यंत आलीस?" तो राग क्लासवर निघत नाही, चपलांवर निघतो.

तेव्हा पहिली गोष्ट: ठरल्या वेळेचं एकही काम तिच्या संध्याकाळच्या गाडीला बांधू नका. आणणं-सोडणं, फार्मसी, पार्सल तुमच्याकडे. तुम्ही घरी आहात म्हणून हे जमेल, आणि "मीही दिवसभर कामच करतो" हे मला मान्य आहे. पण तुमच्या आणि क्लासच्या मध्ये बोगदा नाही. तिने वेळ कळवायची ती न्यूअर्क गेल्यावर, आधी नाही. तिथवर बोगदा मागे पडलेला असतो, त्यामुळे ती सांगेल ती वेळ बरीचशी खरी ठरते. तोवर तुम्ही विचारायचं नाही. भात मात्र तिच्या मेसेजनंतर लावा, आधी लावून तो निवला म्हणून कुरकुर नको!

दारातून आल्यावर वीस मिनिटं तिला कुणी काही विचारायचं नाही. हातपाय धुणं, चहा, कपडे बदलणं. मुलाला आधीच समजावून ठेवा, नाहीतर गृहपाठाची वही दारातच पुढे येते.

ऑफिसचं म्हणाल, तर पोचल्या पोचल्या कुणाला ईमेलचं उत्तर पाठवू नये. वाचावं, उत्तर लिहून ठेवावं, अर्ध्या तासाने पुन्हा बघून पाठवावं. खटक्यांची सुरुवात बहुतेक त्या पहिल्या दोन-तीन ओळींतच होत असते.

एक तपासणी मात्र आधी करा. ती घरून काम करते ते दिवस वहीत वेगळे लिहा. त्या दिवशीही तेवढीच चिडचिड, झोप नाही, जेवण नाही, असं असेल तर गाडीला दोष देत बसू नका; डॉक्टरांची वेळ घ्या. आणि घरच्या दिवशी घर शांत असेल, तर साहेबांकडे आठवड्यातला आणखी एक घरचा दिवस मागताना तिने ती वही सोबत न्यावी.