संरचनात्मक तपासणीचा अहवाल: ‘केले’, ‘करण्यात आले’ आणि ‘करावे’ कोठे लिहावे

प्रश्न: “आमच्या शाखेत पहिल्यांदाच एका गृहनिर्माण संस्थेसाठी इमारतीचा संरचनात्मक तपासणी अहवाल मराठीत करायचा आहे. वरिष्ठ सांगतात की सगळे कर्मणीत आणि भूतकाळात लिही, ‘आम्ही’ कुठेही नको. निष्कर्ष आणि शिफारशीसुद्धा तशाच लिहायच्या का?”

नाही, आणि मला हे ठामपणे सांगावेसे वाटते. मी स्थापत्य अभियंता आहे, व्याकरणाचा अभ्यासक नाही. तुमच्या कार्यालयाचा ठरलेला नमुना असेल तर आधी तो पाहावा. परंतु नेमक्या याच आग्रहाचा फटका आम्हांला बसलेला आहे.

आमच्या एका अहवालाची छाननी ज्या कार्यालयाकडे होती, तेथून तो ‘भाषा शासकीय करावी’ एवढ्या एका शेऱ्यासह परत आला आणि सुधारित मसुदाही तेथूनच तयार होऊन आला. आमचे मूळ वाक्य असे होते: “तळमजल्याच्या स्तंभांतील सळयांना आधीच्या कंत्राटदाराने गंजरोधक लेप लावला होता, असे संस्थेच्या सचिवांनी सांगितले, लेपाखालच्या सळया आम्ही पाहिलेल्या नाहीत.” सुधारित मसुद्यात त्याचे झाले: “तळमजल्याच्या स्तंभांतील सळयांना गंजरोधक लेप लावण्यात आला आहे.” सांगणारा गेला, लावणारा गेला, न पाहिल्याची कबुली गेली, आणि ‘होता’च्या जागी ‘आहे’ आल्यामुळे ऐकीव गोष्ट आमच्या सहीखालची खात्री झाली. पुढे त्याच स्तंभांचे आवरण फुगून सुटू लागले, तेव्हा संस्थेने हेच वाक्य पुढे केले. मूळ मसुदा दाखवूनही उपयोग झाला नाही, कारण सही सुधारित प्रतीवर होती. फेरतपासणी आम्हांला स्वखर्चाने करावी लागली आणि त्या कार्यालयाने आमच्या पत्राला साधे उत्तरही दिले नाही. असा शेरा आला तर वाक्ये बदलून देण्यापूर्वी हरकत लेखी नोंदवा, एवढे मी आग्रहाने सांगेन.

आता विभागवार पाहू. कार्यपद्धतीत भूतकाळ हवा, हे तुमच्या वरिष्ठांचे म्हणणे बरोबर आहे. पण त्यासाठी प्रत्येक वाक्याला ‘करण्यात आले’ जोडण्याची गरज नाही. मराठीत सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ बहुधा मुळातच कर्मणी असतो. “पृष्ठभाग दगडाने घासून घेतला आणि हातोड्याची वाचने घेतली” या वाक्यात क्रियापद कर्माप्रमाणे चालते आणि कर्ता न सांगताही वाक्य पूर्ण वाटते. त्याचेच “वाचने घेतली गेली” केले, तर वाक्य लांबते आणि माहिती तेवढीच राहते. मात्र एकाच कामात दोन पक्ष असतील, तर कर्ता लिहिलाच पाहिजे: “आवरण संस्थेच्या कंत्राटदाराने फोडून दिले, सळयांचा व्यास आम्ही कॅलिपरने मोजला.” उद्या आवरण चुकीच्या जागी फोडले असे निघाले, तर या वाक्याचा आधार लागतो. वर्तमानकाळही येथे जपून वापरावा. “प्रत्येक स्तंभावर तीन उंचींवर वाचने घेतात” ही चाचणीची सर्वसाधारण रीत झाली. ती या इमारतीत पाळली की नाही, हे त्यातून कळत नाही.

निरीक्षणांत खरी अडचण ‘होते’ या रूपाची आहे. “सज्जाच्या सळया उघड्या होत्या” असे वाचल्यावर मराठी वाचकाला त्या आता झाकल्या असाव्यात असे वाटते. “उघड्या आहेत” लिहिले, तर अहवाल हाती पडेपर्यंतची हमी तुम्ही घेता. “पाहणीच्या दिवशी सळया उघड्या आढळल्या” हे मला सर्वांत निर्धोक वाटते, कारण आढळणे ही क्रिया त्या दिवशी संपली, पण सळयांची स्थिती पुढे काय झाली याबद्दल वाक्य काहीच सुचवत नाही. शिवाय येथे कर्त्याचा प्रश्नच उरत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची तपासणी दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर ३ वर्षांनी व्हायची असते. म्हणजे तुमचा अहवाल पुढच्या अहवालाशेजारी ठेवून वाचला जाणार आहे, आणि भेग तेव्हा ०.३ मिलिमीटर होती की आजही आहे, हा फरक त्या वाचकाला हवा असतो. इमारतीच्या कायम बाबी मात्र वर्तमानकाळातच शोभतात: इमारत चार मजली आहे, वाचने तक्ता ३ मध्ये दिली आहेत.

एक उदाहरण तपशिलाने पाहा. अर्धघट विभव चाचणीत तांबे–मोरचूद विद्युदग्राने एका स्तंभावर उणे ३९० मिलिव्होल्ट वाचन आले असे धरा. एएसटीएम सी ८७६ या मानकाप्रमाणे उणे ३५० पेक्षा अधिक ऋण वाचन असेल, तर मोजणीच्या वेळी त्या भागात गंजण्याची क्रिया चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक मानतात. ‘मोजणीच्या वेळी’ ही अट काळाचीच आहे. त्यावरून “सळया गंजल्या आहेत” असे लिहिणे चूक ठरते, कारण आजवर किती लोखंड गेले हे ही चाचणी सांगत नाही; त्यासाठी आवरण काढून व्यास मोजावा लागतो. म्हणून निरीक्षणात “उणे ३९० मिलिव्होल्ट वाचन मिळाले” हा भूतकाळ, मानकाचा नियम सांगताना “मानतात” हा वर्तमानकाळ आणि निष्कर्षात “येथे मोजणीच्या वेळी गंज चालू असण्याची दाट शक्यता आहे, असे आमचे मत आहे, सळयांची झीज आम्ही मोजलेली नाही” असे लिहावे. तीन वाक्यांत तीन वेगळी रूपे येतात आणि ती तशीच यायला हवीत.

निष्कर्षात ‘आम्ही’ चालतो एवढेच नाही, तो तेथे असावाच, असे मला वाटते. “इमारत दुरुस्तीयोग्य असल्याचे मानण्यात येते” यात मानणारा कोण? सही तुमची आहे, मत तुमचे आहे. ‘आम्ही’ अगदीच नको असेल, तर “तपासणी अभियंत्याचे मत आहे” असे लिहा, पण मताला धनी हवा.

शिफारशींना भूतकाळ लागूच पडत नाही, तेथे विध्यर्थ येतो. आणि “टेकू देण्यात यावेत” या धाटणीचा मला सर्वांत जास्त राग आहे. संस्थेला वाटते टेकू सल्लागार देईल, कंत्राटदार कार्यादेशाची वाट पाहतो आणि सज्जा तसाच राहतो. “संस्थेने सात दिवसांत कंत्राटदाराकडून सज्जाखाली टेकू लावून घ्यावेत, टेकूंच्या जागा आम्ही आखून देऊ” यात कोणी, काय, केव्हा हे तिन्ही आहे. ‘करण्यात यावे’ फक्त तेथे ठेवावे, जेथे कोणीही केले तरी बिघडत नाही, आणि दुरुस्तीच्या कामात अशा जागा फार थोड्या असतात.

जाता जाता छायाचित्रांच्या ओळींबद्दल. तेथे “स्तंभ ७ च्या पायथ्याशी उभी भेग दिसते” असा वर्तमानकाळ योग्य आहे, कारण ते विधान छायाचित्राविषयी असते. मात्र प्रत्येक ओळीत दिनांक घाला. आणि अहवाल पाठवण्यापूर्वी धारिकेत ‘ण्यात आ’, ‘ण्यात या’ आणि ‘ण्यात ये’ एवढी अक्षरे शोधा. जेथे जेथे सापडतील तेथे ‘कोणी?’ असे विचारून पाहा. उत्तर माहीत असूनही लिहिलेले नसेल, तर ते वाक्य बदला. उत्तर माहीतच नसेल, तर ती माहिती कोणाकडून मिळाली हे त्याच वाक्यात लिहा.