वरून एम, खालून एक्सएल

प्रश्न: मी ठाण्यात राहते. वरून मला एम बसतो आणि कमरेखाली एक्सएल लागतो. कुर्ता-पँटचा सेट घेताना कुठल्या मापाचा घ्यावा? मोठा घेऊन वरून आल्टर करून घेतलेला चालेल का?

उत्तर:

मोठा घेऊन वरून लहान करणं हा उद्योग मी तीन-चार वर्षं केला, म्हणून सांगते, नका करू. माझी छाती ३४, कंबर २९ आणि सीट ४२. (आपण हिप्स म्हणतो, त्याला शिंपी सीटच म्हणतात.) इंग्रजीत याला पेअर शेप म्हणतात. आमची आजी सरळ 'सुरई' म्हणायची, ते मला जास्त आवडतं.

एकदा दिवाळीला राम मारुती रोडवरून एक्सएलचा सेट घेतला. पँट झकास बसली. कुर्ता मात्र छातीत ४२, म्हणजे खांदे दंडावर ओघळलेले आणि मुंढा काखेखाली लोंबतोय. आमच्या नौपाड्यातल्या शिंपीकाकांनी तो हातात घेतला आणि म्हणाले, "बाजूच्या टिपा आत घेणं दहा मिनिटांचं काम. पण खांदा उतरलाय, त्याला बाही उसवायची, मुंढा नव्याने कापायचा, बाही परत लावायची. एवढं करूनही गळा मोठाच राहणार." मी हट्टाने फक्त बाजू आत घेऊन घेतल्या. हात वर केला की अख्खा कुर्ता वर यायचा, कारण मुंढा खोलच राहिला होता.

तेव्हापासून कुर्ता खांद्याच्या आणि छातीच्या मापाने घेते, पँट सीटच्या मापाने. कंबर शेवटी, कारण ती आत घेता येते.

आता तुम्ही म्हणाल, एमचा कुर्ता सीटवर अडकेल. तर सगळी गंमत कटात आहे. सरळ कुर्त्याची बाजूची शिवण जिथे संपते तिथे कट सुरू होतो आणि त्याच्याखाली कुर्त्याला सीटशी काही देणंघेणं नसतं. म्हणून घरी आरशासमोर बाजूने उभं राहून सीटचा सगळ्यात रुंद भाग कंबरेपासून किती खाली आहे ते मोजा. माझा आठ इंचांवर आहे. कुर्त्याचा कट त्याच्याही खाली सुरू होत असेल, तर सीटवर आडव्या सुरकुत्या पडतात आणि चालताना कुर्ता वर सरकून कंबरेशी गोळा होतो. मी काकांकडून कट दोन-तीन इंच वर उसवून घेते आणि नव्या टोकाला दुहेरी टीप मारून घेते, नाहीतर बसताना तिथूनच फाटतो. फार वर न्यायचा नाही, पँटचा नेफा दिसायला लागतो. आणि ट्रायल रूममध्ये नुसतं उभं राहून ठरवू नका, तिथल्या स्टुलावर बसून बघा. अनारकली किंवा ए-लाइनला ही भानगडच नाही, घेर आधीच असतो.

लेबलवरच्या आकड्यावर विसंबू नका. कुठे ३८ म्हणजे कुर्त्याची छाती, कुठे तुमची. कुर्ता सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत टेप लावा आणि दुप्पट करा. आपल्या छातीपेक्षा तीन-चार इंच जास्त भरला की पुरे.

जीन्सचं थोडक्यात: सीटला बसणारी घ्या, पाठीमागे कंबरेत फट राहणारच. ती मधल्या शिवणीवर दीड-दोन इंच आत घेता येते. त्याहून जास्त घेतली तर मागचे दोन खिसे एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात.

राहिला सेटचा प्रश्न. दुकानदार एमचा कुर्ता आणि एक्सएलची पँट सहसा देत नाही, आणि त्याचंही बरोबर आहे, उरलेली उलटी जोडी तो कुणाला विकणार? सुट्टंच घ्यायचं तर 'सेम' रंगाच्या मागे लागू नका. वेगवेगळ्या वेळी रंगवलेलं कापड दुकानाच्या दिव्याखाली जुळतं आणि बाहेर उन्हात आलं की एक राणी दिसतं, एक वांगी. सरळ वेगळ्या रंगाची पँट घ्या, किंवा दोन्ही कपडे दाराशी उजेडात नेऊन बघा.

अगदी सेटच हवा असेल तर माझी युक्ती सांगते. माझी जाऊ माझ्या बरोबर उलटी आहे, खांदे रुंद आणि खाली काटकी. गोखले रोडला आम्ही दोघी मिळून एकाच डिझाइनचे दोन सेट घेतो, एक एम, एक एक्सएल. घरी आलो की पँटांची अदलाबदल. माझ्याकडे एमचा कुर्ता आणि एक्सएलची पँट, तिच्याकडे उरलेलं. एकाच गठ्ठ्यातला माल असल्यामुळे रंगही आतापर्यंत जुळत आलाय. फक्त सासरच्या एकाच कार्यक्रमाला दोघींनी तो घालायचा नाही. मागच्या गणपतीत विसरलो आणि दिवसभर 'बँडवाल्या आल्या' ऐकलं.